दहापैकी सहा: तिसरीच्या अकरा प्रगतिपत्रकांचं प्रकरण

देवगड तालुक्याच्या किनाऱ्यावरची आमची शाळा जिल्हा परिषदेची, पहिली ते चौथी, दोन शिक्षकी. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी यंदाच रुजू झालेल्या बाईंकडे. तिसरीचा पट अकरा. हे प्रकरण त्या अकरा मुलांच्या प्रथम सत्राच्या प्रगतिपत्रकांचं, आणि त्यातही गणिताच्या नोंदींचं. मुलांची नावं देत नाही, हजेरीतल्या क्रमांकानं ओळखू या.

दिवाळीच्या सुट्टीला आठवडा राहिला होता. संकलित चाचणी झाली होती, पेपर तपासून झाले होते. तिसरीला आकारिक मूल्यमापनाचे साठ आणि संकलितचे चाळीस, असे शंभरातले गुण चढवून श्रेण्याही लावून झाल्या होत्या. उरले होते ते तीन रकाने: विशेष प्रगती, आवड-छंद आणि सुधारणा आवश्यक. २०१० साली सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं तेव्हापासून हे रकाने आहेत, आणि तेव्हापासूनच ते भरायच्या तयार नोंदींचे संचही आहेत. बाईंच्या फोनवर असाच एक संच होता. विषयवार शंभरेक वाक्यं. ‘गणितातील क्रिया अचूक करतो.’ ‘वजाबाकीच्या सरावाची गरज आहे.’ ‘लक्ष देऊन अभ्यास केल्यास प्रगती होईल.’ ज्याची जशी श्रेणी तसं वाक्य उचलायचं आणि नावापुढे चिकटवायचं.

मी त्या संचांच्या विरोधात नाही. दोन वर्ग एकत्र सांभाळणाऱ्या शिक्षकाला वेळ कुठून आणायचा हा प्रश्न खराच आहे. पण बाईंनी भरलेली पानं चाळताना एक गोष्ट खटकली. तीन, सात आणि नऊ या तीन क्रमांकांपुढे अक्षरशः एकच वाक्य होतं: ‘वजाबाकी समजून घेतो, अधिक सरावाची गरज आहे.’ तीन नंबर मुलगी असल्यामुळे ‘घेते’ केलं होतं, एवढाच फरक. विचारलं तर बाई म्हणाल्या, “सर, तिघांनाही वजाबाकीच्या कार्यपत्रिकेत दहापैकी सहाच आहेत. मग वेगळं काय लिहू?”

प्रश्न रास्त होता. म्हणून तीच कार्यपत्रिका काढली.

सप्टेंबरमधली ही पत्रिका तीन अंकी वजाबाकीकडे वळण्याआधीच्या उजळणीची. दोन अंकी दहा वजाबाक्या. आधी पत्रिकाच नीट बघू, कारण निम्मी गोम तिच्यातच होती. दहापैकी सहा गणितं बिनहातच्याची होती: ६७ वजा ३५, ८६ वजा ५४, ४८ वजा २३ अशी. हातच्याची फक्त चार: ५३ वजा २७, ६२ वजा ३८, ८१ वजा ४६ आणि ४० वजा १७. म्हणजे ज्या मुलाला हातच्याची वजाबाकी मुळीच येत नाही, त्यालाही या पत्रिकेत सहा गुण आरामात मिळतात. सहा गुण म्हणजे ‘बऱ्यापैकी येतं’ असं आपण धरून चालतो. इथे त्याचा अर्थ ‘जे तपासायचं होतं त्यातलं काहीच आलं नाही’ असाही होऊ शकत होता.

आता तिघांची उत्तरं.

तीन नंबरच्या मुलीची बिनहातच्याची सहाही बरोबर. हातच्याच्या चारांची उत्तरं ओळीनं ३४, ३६, ४५ आणि ३७. ५३ वजा २७ करताना तिनं ३ मधून ७ जात नाहीत म्हणून ७ मधून ३ वजा केले, आले ४. पुढे ५ मधून २ गेले, उरले ३. चौतीस. चारही गणितांत हेच. वरचा अंक लहान दिसला की ती अंक उलटे वजा करते. तिच्या दृष्टीनं तिनं नियम पाळलाय: मोठ्यातून लहान वजा करायचं. हा नियम आपणच तिला पहिलीत शिकवलेला असतो.

सात नंबरची उत्तरं ३६, ३४, ४५ आणि ३३. तो वेगळ्या ठिकाणी अडला होता. ५३ वजा २७ मध्ये त्यानं दशक सुटा केला, ३ चे १३ केले, १३ मधून ७ घालवून ६ बरोबर आणले. मात्र दशकाच्या घरातले ५ तसेच ठेवले, ४ केले नाहीत. म्हणून २६ च्या जागी ३६. चारही गणितांत एककाचं घर बरोबर आणि दशकाचं घर एकानं जास्त.

या दोघांत एक उत्तर सारखं आहे ते लक्षात आलं असेल. ८१ वजा ४६ ला दोघांचंही ४५. उलटं वजा केलं तर ६ मधून १ गेला, उरले ५. हातचा घेतला तर ११ मधून ६ गेले, तरी ५ च. एककांतला फरक पाच असला की या दोन वेगळ्या चुका एकाच उत्तरावर येऊन पडतात आणि कागदावरून काहीच कळत नाही. निदानासाठी पत्रिका काढताना असे अंक टाळलेले बरे. ५३ वजा २७ सारखं गणित दोघांना वेगळं काढतं. बाईंनी हे तिथल्या तिथे आपल्या टाचणवहीत लिहून घेतलं.

नऊ नंबरची पत्रिका बघितल्यावर तर बाई हसल्याच. त्याची हातच्याची चारही बरोबर! चुकलेली चारही बिनहातच्याची. पहिल्या दोन गणितांत त्यानं सरळ बेरीज केली होती, १०२ आणि १४०. आधीच्या पानावर बेरजा होत्या, हात त्याच लयीत चालत राहिला. तिसऱ्यात १६ चे १९ असं उतरवून घेतलं होतं, आणि शेवटचं गणित पान उलटायचं राहिल्यामुळे कोरंच. वर्गात सगळ्यांत अवघड भाग ज्याला पक्का येतो त्या मुलाच्या प्रगतिपत्रकावर ‘वजाबाकीच्या सरावाची गरज आहे’ असं जाणार होतं. आणि तीन नंबरला तोच सराव सुट्टीत घरी करायला लावला असता तर तिनं उलट्या वजाबाकीच पन्नास वेळा घोटल्या असत्या.

यातून आम्ही कामाची पद्धत बदलली. गुणांच्या यादीवरून नोंद न लिहिता पत्रिकांवरून लिहायची ठरवली. गणित आणि मराठी या दोनच विषयांसाठी. बाकीच्या विषयांना एक खरं, साधं वाक्य पुरे. अकरा मुलं गुणिले सगळे विषय असा हिशोब धरला तर कुणीच हे करणार नाही, आणि करू नये.

प्रत्येक मुलाच्या पत्रिका तारखेनं लावल्या. जिच्यावर तारीख नव्हती ती बाजूला, कारण प्रगती झाली असं म्हणायला आधीचं आणि नंतरचं कळायला हवं. मग चुकलेल्या प्रत्येक गणितापुढे समासात पेन्सिलीनं एक अक्षर: उलटं वजा केलं तर ‘उ’, दशक कमी करायचा राहिला तर ‘द’, शून्यापाशी अडलं तर ‘शू’, चिन्ह किंवा आकडा बघण्यात चूक तर ‘न’ म्हणजे नजरचूक. शाब्दिक उदाहरणांत वाचून मांडणीच जमली नसेल तर ‘मां’. लाल पेनाच्या फुल्यांपेक्षा ही अक्षरं जास्त बोलतात. एखादं अक्षर एकदाच आलं तर ते सोडून द्यायचं, मुलं दमतात, चुकतात. तेच अक्षर निदान तीनदा, वेगवेगळ्या गणितांत आलं तरच ते नोंदीत जाईल, हा आमचा ढोबळ नियम.

एवढ्यानं संशय फिटला नाही तर मुलाला जवळ बसवून एकच गणित बोलत बोलत करायला सांगायचं. तीन नंबरच्या बाबतीत हे केलं म्हणून बरं झालं. तिच्या आईचं जेटीजवळ छोटं दुकान आहे. बिस्किटं, साबण, मेणबत्त्या, तंबाखूची पुडी, शाळा सुटली की ही तिथेच असते. बाईंनी तिला विचारलं, “चाळीस रुपये दिले, सतराचा माल घेतला. परत किती देशील?” तिनं क्षणभर बोटं हलवली. अठरा, एकोणीस, वीस, हे झाले तीन. मग तीस, चाळीस, हे वीस. “तेवीस.” मग बाईंनी पत्रिकेवरचं तिचं ४० वजा १७ दाखवलं. तिथे ३७. ती दोन्हीकडे बघत राहिली, तिला त्यात विसंगत काही वाटलं नाही. दुकानातला हिशोब वेगळा, शाळेतलं गणित वेगळं. तिला वजाबाकी येत नव्हती असं म्हणणं चूक ठरलं असतं. ती सतरापासून चाळीसपर्यंत चढत जाऊन बरोबर उत्तर काढत होती. जे येत नव्हतं ते उभ्या मांडणीतलं दशक सुटा करणं.

नोंद लिहिताना हेच तिचं बलस्थान झालं. ‘हुशार आहे’ हे बलस्थान होत नाही, कारण ते पुढच्या चुकीशी कुठेच जोडलेलं नसतं. तिच्या नोंदीचा शेवटचा मसुदा असा:

विशेष प्रगती: दुकानातले सुटे पैसे तोंडी हिशोब करून बरोबर परत देते.

सुधारणा आवश्यक: कागदावरच्या वजाबाकीत वरचा अंक लहान असला की अंक उलटे वजा करते. दहाची नोट सुटी करून तोच हिशोब वहीत मांडण्याचा सराव सुट्टीत करावा.

बाईंच्या पहिल्या मसुद्यात दुसऱ्या ओळीच्या जागी ‘थोडा सराव केल्यास अजून छान करेल’ असं होतं. त्यात खोटं काही नाही, पण कमकुवत बाजू त्यात नाहीच. आई वाचेल आणि ठीक चाललंय असं समजेल. दुसऱ्या टोकाला मी लिहिलेला एक मसुदा होता: ‘हातच्याच्या वजाबाकीची संकल्पना स्पष्ट नाही.’ तो बाईंनीच खोडला. “सर, हे तुम्हाला आणि मला कळेल. आईनं काय करायचं?” बरोबर होतं. नोंदीत चूक अशी लिहायची की घरातल्या माणसाला ती वहीत बोट ठेवून दाखवता आली पाहिजे.

सात नंबरचं असं झालं:

विशेष प्रगती: वजाबाकीत दशक सुटा करायला शिकला, एककाचं उत्तर न चुकता आणतो.

सुधारणा आवश्यक: सुटा केलेला दशक दशकाच्या घरातून कमी करायचा राहतो. तिथला आकडा खोडून वर नवा लिहायची सवय लावावी.

आणि नऊ नंबरचं:

विशेष प्रगती: हातच्याची वजाबाकी पक्की येते.

सुधारणा आवश्यक: चिन्ह आणि आकडे न पाहता सुरुवात करतो, म्हणून सोपी गणितं चुकतात. प्रत्येक गणिताआधी चिन्हाभोवती गोल करावा.

नऊ नंबरसाठी बाईंनी आधी ‘चंचल आहे’ असं लिहिलं होतं. ते काढलं. चंचलपणाचं कुणी सुट्टीत काय करणार? आणि आमच्याकडे प्रगतिपत्रक मोठ्यानं वाचलं जातं, पडवीत बसून, मोठा भाऊ किंवा शेजारची ताई वाचते आणि आजी ऐकते. बाबा बोटीवर असतील तर फोनवरही वाचून दाखवलं जातं. मूल तिथेच उभं असतं. ‘चंचल’ हा शब्द मग घरात वर्षभर राहतो. चिन्हाभोवती गोल करायचा राहिला, ही गोष्ट मात्र दुसऱ्या दिवशी सुधारता येते.

तिघांचं झालं ते तुलनेनं सोपं होतं. खरी कसोटी पाच नंबरची.

पाच नंबरचा मुलगा जूनमध्ये तिसरीत आला तेव्हा वीसपर्यंतच्याच संख्या नीट वाचत होता. मधले बरेच दिवस शाळेत नव्हता. गणपतीला गावी गेलेला तो उशिरा परतला, नंतर भातकापणीत घरच्यांबरोबर. वजाबाकीची पत्रिका त्यानं जवळपास कोरी दिली होती. श्रेणी इ-१, म्हणजे शंभरात २१ ते ३२ च्या मधले गुण. बाई म्हणाल्या, “याला आता प्रोत्साहन काय देऊ? खोटं लिहावं लागेल.” संचातलं जे वाक्य निवडलं होतं ते ‘गणितात हळूहळू प्रगती करत आहे’ असं. इ-१ श्रेणी आणि हे वाक्य शेजारी शेजारी. वाचणाऱ्यानं कशावर विश्वास ठेवायचा?

तारखा लावलेल्या पत्रिका इथे कामाला आल्या. जुलैच्या संख्यावाचनाच्या पत्रिकेत वीसच्या पुढे सगळ्या फुल्या होत्या. ऑक्टोबरच्या पत्रिकेत साठपर्यंतच्या संख्या तो वाचत होता. फक्त ऐकून लिहिताना पंचवीसचे ५२ आणि त्रेचाळीसचे ३४ असं होत होतं. मराठीत एककाचा उच्चार आधी होतो, तेव्हा आधी ऐकलेला आकडा तो आधी लिहीत होता. म्हणजे प्रगती होती, मोजता येण्यासारखी होती. आणि तिसरीचं गणित त्याला येत नाही हेही तेवढंच खरं होतं. दोन्ही लिहिलं:

विशेष प्रगती: जुलैमध्ये २० पर्यंतच्या संख्या वाचत होता, आता ६० पर्यंत वाचतो.

सुधारणा आवश्यक: तिसरीची दोन अंकी वजाबाकी अजून येत नाही. त्याआधी ऐकलेली संख्या बरोबर लिहिणं पक्कं करायचं आहे. सुट्टीत रोज पाच संख्या सांगून लिहून घ्याव्यात आणि हिरांचे दहा-दहाचे गठ्ठे करून त्या मांडून बघाव्यात.

‘अजून येत नाही’ लिहायला बाई कचरत होत्या. मी आग्रह धरला. हे वाक्य गेलं नाही तर त्याच्या वडिलांना पुढच्या वर्षी धक्का बसणार. वरच्या वर्गात घालायचं थांबत नाही, त्यामुळे कागदावर लिहिलेली ही एकच जागा उरते. मात्र एक अट घातली: असं वाक्य पालकांनी पहिल्यांदा प्रगतिपत्रकात वाचता कामा नये. बाई आदल्या दिवशी त्याच्या घरी जाऊन आल्या. पत्रिका दोन्ही नेल्या, जुलैची आणि ऑक्टोबरची, आणि अंगणात बसून आधी ऑक्टोबरची दाखवली. हिरांचे गठ्ठे तिथेच केले. माडाच्या झावळांचे हीर घरोघरी असतात, त्यासाठी काही विकत आणावं लागत नाही. हजेरीचा विषय बाईंनी तोंडी काढला, नोंदीत घातला नाही. गैरहजेरी पत्रकात वेगळ्या रकान्यात असतेच. ती पुन्हा सुधारणेत लिहिली की नोंद पोराची न राहता घरावरची तक्रार होते.

उलट टोकाला अकरा नंबर. तिच्या सगळ्या पत्रिका पूर्ण बरोबर, श्रेणी अ-१. तिसऱ्या रकान्यात काय? संचात अशा मुलांसाठी ‘अक्षर सुधारावे’ असं वाक्य असतं, आणि अक्षर चांगलं असलं तरी ते पडतं. रकाना कोरा ठेवायला काही हरकत नाही, पण त्याआधी तिच्यापुढे एक अवघड गणित ठेवून बघितलं: ४०२ वजा १५७. तिनं २५५ काढले, बरोबर उत्तर २४५. शतक सुटं केलं, दहा दशक आले, त्यातला एक दशक एककांना दिला, पण दशकांच्या घरात नऊ न धरता दहाच धरले. म्हणजे तिच्यापुढचाही पुढचा टप्पा सापडला, तोही खरा. नोंद: ‘दोन अंकी वजाबाकीत एकही चूक नाही. मधे शून्य असलेल्या तीन अंकी संख्यांची वजाबाकी हा पुढचा टप्पा.’ चूक सापडली नसती तर रकान्यात रेघ मारली असती. नसलेली उणीव शोधून काढणं हाही खोटेपणाच.

मराठीच्या नोंदींत एकच प्रकरण सांगण्यासारखं. दोन नंबरच्या मुलीनं ‘बाजारातला दिवस’ लिहिताना पान भरून काढलं होतं, आणि त्यात ‘आवशीन माका बाजारात न्हेल्यान’ असं वाक्य होतं. ते लाल पेनानं अधोरेखित होऊन नोंदीत ‘अशुद्ध लिहिते’ असं उतरणार होतं. पण पान नीट वाचलं तर प्रसंग क्रमानं आहेत, तपशील भरगच्च आहे, आणि मालवणीतलं ते वाक्य स्वतःच्या व्याकरणात अगदी बरोबर आहे. खरी अडचण दुसरीच होती. अख्ख्या पानात पूर्णविराम दोनच, आणि र-ची जोडाक्षरं अडलेली: ‘वाऱ्यावर’ चं ‘वार्यावर’, ‘प्रकाश’ चं ‘परकाश’. घरची भाषा आणि लेखनातली चूक या दोन गोष्टी एकाच लाल पेनानं खुणावल्या की दोन्ही एकच दिसतात. नोंदीत गेलं ते असं: ‘पाहिलेला प्रसंग क्रमाने आणि भरभरून लिहिते. वाक्य संपलं की पूर्णविराम देणं आणि र-ची जोडाक्षरं यांचा सराव हवा.’ पुस्तकी मराठीत लिहिण्याचं काम बाई वर्गात करून घेणार आहेत. ते सुधारणेच्या रकान्यात घालायचं नाही असं ठरलं. यावर दुसरं मत असू शकतं. मला ते पटत नाही.

अकराही नोंदी झाल्यावर बाईंनी नावं झाकून मला वाचायला दिल्या. मी नऊ ओळखल्या. चार आणि आठ या दोन मुलांच्या नोंदी एकमेकांच्या जागी ठेवल्या तरी चालल्या असत्या, म्हणजे त्या अजून कुणाच्याच नव्हत्या. त्यांच्या पत्रिका पुन्हा काढल्या. आठ नंबरच्या शाब्दिक उदाहरणांत पाचपैकी चार ठिकाणी ‘मां’ होतं: गणित करता येत होतं, पण ‘किती उरले’ आणि ‘किती जास्त’ यांत ‘जास्त’ शब्द दिसला की तो बेरीज करत होता. ‘बाबूकडे २४ बोरं, सोनूकडे १५; बाबूकडे किती जास्त?’ उत्तर ३९. हे नोंदीत गेलं. चार नंबरचं मात्र तीन पत्रिका बघूनही ठराविक काही सापडलं नाही. चुका विखुरलेल्या, प्रत्येक अक्षर एकेकदा. त्याच्या नोंदीत कमकुवत भाग लिहिला नाही, ‘सर्व क्रिया जमतात, उत्तर ताळा करून पाहण्याची सवय लावावी’ एवढंच लिहिलं. वजाबाकीचं उत्तर आणि वजा केलेली संख्या यांची बेरीज वरच्या संख्येइतकी आली पाहिजे, हा ताळा त्याला करून दाखवला.

एक मर्यादा सांगायला हवी. रकान्यात दोन-तीन ओळींपलीकडे जागा नसते. म्हणून प्रत्येक मुलाची एकच कमकुवत बाजू निवडावी लागते, बाकीच्या बाईंच्या वहीत राहतात. निवड करताना आम्ही सगळ्यांत मोठी चूक घेतली नाही. जी आधी सुटल्याशिवाय पुढचं सुटणार नाही ती घेतली. पाच नंबरला म्हणूनच संख्यालेखन, वजाबाकी नव्हे.

पत्रकं वाटली त्या दिवशी तीन नंबरची आई थांबली. नोंद तिनं स्वतः वाचली होती. “बाई, दुकानार तर ही बरोबर सुटे देता, मगे वहीत कित्याक चुकता?” बाईंनी तिथेच दहाच्या चार नोटा आणि नाण्यांचा ढीग मागवला. चाळीसातून सतरा द्यायचे तर एक नोट मोडावी लागते, मोडली की नोटा तीन राहतात, हे मुलीनं आईसमोर करून दाखवलं आणि बाईंनी प्रत्येक पायरी शेजारी उभ्या मांडणीत लिहिली. शून्यावर काट मारून दहा, चारवर काट मारून तीन.

सुट्टीनंतर त्याच धाटणीची चार हातच्याची गणितं तिघांना दिली. तीन नंबरची तीन बरोबर. शून्याचं, ५० वजा २८, पुन्हा उलटं करून ३८ आणलं. नऊ नंबरनं चिन्हाभोवती गोल केले होते, चारही बरोबर. सात नंबरला दोन अंकीत आकडा खोडायची सवय लागली, चारही बरोबर, पण तीन अंकी सुरू होताच शतकाच्या घरात तीच चूक परतली. पाच नंबर सुट्टीनंतर चार दिवस उशिरा आला. पाचपैकी तीन संख्या त्यानं ऐकून बरोबर लिहिल्या. बाईंनी पत्रिकेवर तारीख घातली, समासात अक्षर लिहिलं आणि द्वितीय सत्राच्या पाकिटात ती पहिली म्हणून ठेवली.